पहिली झाली, दुसरी पंधरा दिवसांनी

वाचकाचं पत्र

ताई, माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न पुढच्या महिन्यात म्हार्दोळला आहे. मुलगा गडहिंग्लजचा. गेल्या सोमवारी फोंड्याला दोघांची पहिली सही झाली आणि मी आनंदाच्या भरात दोन्ही घरांच्या ग्रुपवर पेढ्यांच्या चित्रासकट लिहून टाकलं, 'सही झाली, अभिनंदन!' तेव्हापासून तिकडे सगळं गार. मुलाची आई फोन उचलत नाही. आत्याने उचलला आणि म्हणाली, 'लग्न उरकून मोकळे झालात, आता आम्ही काय नुसतं जेवायला येऊ? आमच्याकडे असल्या सह्या पळून गेलेली पोरं करतात.' आमचे हे म्हणतात, गप्प बस, आणखी बिघडवशील. सासूबाई म्हणतात, तूच घोळ घातलास, तूच निस्तर. काय करू?

— एक वहिनी, फोंडा

उत्तर

वहिनी, गप्प मात्र बसू नका. अशा वेळी गप्प बसलं की पलीकडचे लोक त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावतात, आणि तो कधीच बरा नसतो. आत्याबाईंचं बोलणंही मनाला लावून घेऊ नका. त्या जिथे वाढल्या तिथल्या रीतीने त्या बरोबरच बोलतायत. ते कसं, हे कळायला आधी एक हकीकत ऐका. मी नोकरीभर तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात लग्नांच्या टेबलावर बसले. मांडवात न दिसणारं पुष्कळ काही त्या टेबलावरून दिसतं.

साखळीकडच्या एका गावातली मुलगी, साताऱ्याकडचा मुलगा. दोघं पुण्यात नोकरीला, पण लग्न रीतसर घरच्यांनी जुळवलेलं. पत्रिका पाहिलेल्या, सुपारी फुटलेली, वैशाखातला मुहूर्त. मुलीच्या वडिलांना सगळा गाव भाई म्हणायचा. हायस्कूलचे निवृत्त मास्तर, कुठलंही काम शेवटच्या दिवसावर टाकणं म्हणजे पाप असं मानणारे. त्यांनी होणाऱ्या जावयाला फोन करून बोलावून घेतलं. मुलगा रात्रीच्या बसने निघाला, सकाळी म्हापशाला उतरला, भाईंकडे अंघोळ करून पाव-भाजी खाल्ली आणि साडेदहाला माझ्या टेबलासमोर हजर. जन्माचे दाखले, रहिवासाचा दाखला, फोटो, सगळं भाईंनी आधीच फाइलला लावून ठेवलेलं. दोघांनी सही केली. संध्याकाळच्या बसने मुलगा परत पुण्याला. त्याच्या लेखी हे बँकेत खातं उघडण्याइतकंच काम होतं, त्यामुळे घरी सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, पण गडहिंग्लजला समजावताना उपयोगी पडेल म्हणून नीट लिहिते. गोव्यात लग्नाच्या सह्या दोन. पहिली म्हणजे 'आम्हाला एकमेकांशी लग्न करायचं आहे' एवढं दोघांनी अधिकाऱ्यासमोर लिहून देणं. त्यावर कार्यालयाच्या फळ्यावर नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून. पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही, की दोघांनी साक्षीदार घेऊन पुन्हा यायचं आणि दुसरी सही करायची. ती झाली की कायद्याने नवरा-बायको. नुसत्या पहिलीने कोणी कोणाचं काही होत नाही. पोर्तुगीज अमलात 1910 साली विवाहाचा जो कायदा झाला, त्यातून आलेली ही वाट आहे. 1961 साली गोवा मुक्त झाला तरी हे कायदे तसेच ठेवले गेले. म्हणून आपल्याकडे भटजी कितीही मोठे आणा, लग्न या टेबलावरून जातंच. ख्रिस्ती मंडळींना चर्चसाठी लागणारा ना-हरकत दाखलाही इथूनच मिळतो.

महाराष्ट्रात गाडी उलटी. तिथे आधी मांडवात लग्न लागतं, मग सवडीने नोंदणी होते. फळ्यावर नावं लागतात ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करणाऱ्यांची, तीस दिवसांच्या नोटिशीची. ते लग्न करणारे सगळेच काही पळून आलेले नसतात, पण गावाच्या तोंडी त्याचं नाव एकच, कोर्ट मॅरेज. साताऱ्याकडे किंवा गडहिंग्लजला 'लग्नाआधी सही झाली' असं ऐकलं की माणसाच्या डोळ्यांसमोर हार घातलेली दोन घाबरलेली पोरं आणि त्यांचे चार मित्र उभे राहतात.

आता आमच्या गोष्टीत मुलाचे मोठे काका येतात. निवृत्त तलाठी. जानवशाची सोय नीट आहे की नाही ते पाहायला ते एकटेच गोव्यात आले होते. मुलीचा भाऊ त्यांना स्कूटरवर बसवून हॉल, खोल्या, बाथरूम सगळं दाखवून आणत होता. वाटेत त्याला आमच्या कार्यालयातून कोणाचा तरी जन्मदाखला घ्यायचा होता. 'काका, दोन मिनिटं,' म्हणून तो आत आला आणि काका व्हरांड्यात उभे राहिले. समोर फळा.

ज्या माणसाने उभा जन्म चावडीवर नोटिसा डकवल्या, तो फळ्यासमोर नुसता कसा उभा राहील? त्यांनी चष्मा लावला आणि डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या कागदापासून, काचेवर बोट टेकवून, ओळीने वाचायला सुरुवात केली. मला खिडकीतून दिसत होतं. चौथ्या की पाचव्या कागदावर बोट थांबलं. पुतण्याचं नाव, वडिलांच्या नावासकट. खाली सुनेचं. बोट हळूहळू खाली सरकलं आणि हरकतीच्या ओळीपाशी पुन्हा थांबलं. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत वाचलं. मग दाखला हातात घेऊन बाहेर आलेल्या मुलाकडे असं काही पाहिलं की तो बिचारा स्वतःच्या शर्टाची बटणं तपासायला लागला.

तलाठ्याच्या जगात हरकतीची नोटीस म्हणजे फेरफार. तिथेही हरकतीला पंधराच दिवस. आणि नोटीस लागली म्हणजे भावकीत कोणीतरी टपून बसलेलं असतंच, असा त्यांचा नोकरीभरचा अनुभव. काकांनी स्कूटरवर बसायच्या आधी, आमच्या कार्यालयाच्या पायरीवरूनच, भावजयीला फोन लावला. 'वहिनी, खाली बसा. पोरानं कोर्ट मॅरेज केलंय. आणि त्यावर कुणीतरी हरकत घेतलीय.'

दोन वाक्यं, दोन्ही खोटी. माणूस मात्र आयुष्यात कधी खोटं न बोललेला, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

साताऱ्याच्या घरात वरमाय त्याच सकाळी पैठणी घेऊन आली होती. तिने ती पिशवीसकट कपाटात टाकली, किल्ली कमरेला खोचली आणि जाहीर केलं, 'माझ्या पोराच्या लग्नाला मी पाहुणी म्हणून जायची नाही.' बँडवाल्याला थांबायला सांगितलं. आजोबांची अडचण वेगळीच. पत्रिका छापून आल्या होत्या, चि. आणि चि. सौ. कां. अशा. आजोबा शुद्धलेखनाचे कडक. ते म्हणाले, 'सौभाग्य मिळालंच आहे, तर आता कांक्षिणी कशाला? खोडावं लागेल.' आणि खरंच लाल पेन घेऊन बसले. त्यांच्या हातून गठ्ठा काढून घेईपर्यंत पंचवीस-तीस पत्रिकांमधलं 'कां.' गेलं होतं.

हरकत घेतली कोणी, यावर आत्याने संशयित म्हणून तीन नावं पुढे केली, तिन्ही तिच्या सासरची. आजी मात्र वेगळ्या दिशेने विचार करत होती. पुण्यात एकटा राहणारा तरुण मुलगा, गुपचूप सही, त्यावर हरकत. 'हरकत घेणारी कोण असेल?' एवढंच तिने विचारलं. 'घेणारी' म्हणाली, 'घेणारा' नाही, आणि घर चिडीचूप झालं.

तुम्ही म्हणाल, मुलालाच का नाही विचारलं? विचारलं ना. पण उघड विचारायची आईला लाज. तिने लिहिलं, 'तुझ्या दुसरीचं काय ते मला खरं सांग.' मुलगा मीटिंगमध्ये. सही म्हटलं की त्याच्या डोक्यात एकच सही. त्याने टेबलाखालून उत्तर धाडलं, 'सुट्टी मिळाली की लगेच करतो. काळजी करू नकोस, ती पण तयार आहे.'

एवढं झाल्यावर मुलाच्या वडिलांनी, अण्णांनी, भाईंना फोन लावला. भाई त्या वेळी पोफळीत उभे, नेटवर्क तुटक, वर घरातून मिक्सरचा आवाज. हे संभाषण मी नंतर दोघांच्याही तोंडून वेगवेगळं ऐकलं आणि दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

'भाई, आडपडदा नको. झाली का?'

'झाली की! अगदी वेळेवर. पहिली झाली, दुसरी पंधरा दिवसांनी.'

अण्णांना घोट गिळायला वेळ लागला. 'दुसरी कशाला हो?'

'करावीच लागते! दुसरी केली नाही तर पहिली बाद होते. नव्वद दिवसांची मुदत असते.'

'भाई, तुम्ही शिक्षक माणूस...'

'अहो, आमच्याकडे सगळेच करतात. माझ्या नाही झाल्या दोन? पहिली डिचोलीला, दुसरीही डिचोलीलाच.'

'आणि घरात वहिनींना चालतं?'

'म्हणजे काय? दोन्ही वेळा बरोबर होती. पहिलीला रडली, दुसरीला हसली.'

'कायद्याने चालतं हे?'

'कायदाच आहे तो! पोर्तुगिजांच्या वेळचा. फक्त दुसरीला साक्षीदार लागतात बघा. तुम्ही आणि तुमचे तलाठी भाऊ या की, मानाचं काम आहे.'

अण्णांनी फोन ठेवला, तांब्याभर पाणी प्यायले आणि माजघरात जाऊन सांगितलं, 'त्यांच्यात दोन करतात.'

दुसऱ्या दिवशी रात्री भाड्याची क्रूझर निघाली. अण्णा, वरमाय, आत्या, तलाठीकाका आणि 'मला बघू दे तरी' म्हणून हट्टाने बसलेली आजी. चोर्ला घाट उतरून सकाळी भाईंच्या अंगणात. भाईंकडे त्या दिवशी शेजारच्या बायका पापड-सांडग्यांना जमलेल्या, अंगणभर वाळवण. व्याही न सांगता आले म्हणजे अगदी घरचे झाले, या आनंदात भाईंच्या बायकोने एकदम चहाचं आधण ठेवलं आणि सगळ्यांच्या हातात कोकमाचं सरबत दिलं. आत्या सरबताचा पेला हातात धरून घरात आणखी कोणी मोठी बाई दिसते का ते बघत होती. पापड लाटणाऱ्या बायका होत्या सात. तिने मोजल्या आणि पेला खाली ठेवला.

भाई बाहेर आले ते हात पसरून. 'अरे वा! दुसरीला आलात! पण ती गुरुवारी हो.'

तलाठीकाका म्हणाले, 'आम्ही दुसरी थांबवायला आलोय.'

यानंतर अंगणात काय झालं ते मला तिथे नसल्याने सांगता येत नाही. साडेअकराच्या सुमाराला दोन्ही घरं मिळून नऊ-दहा माणसं माझ्या टेबलासमोर उभी राहिली, एवढं खरं. पुढे तलाठीकाका.

'बाई, फळ्यावरच्या त्या नोटिशीवर हरकत कोणी घेतली?'

'कोणीच नाही.'

'मग नोटीस कशाला लावली?'

'कोणाला घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. तुमच्या फेरफारावर नाही का लावत?'

काकांचा चेहरा हळूहळू सैल झाला. शेवटी आम्ही दोघंही कागदाची माणसं. मी त्या दोघांचं पान काढलं आणि त्यांच्यापुढे फिरवून ठेवलं. काकांनी सवयीने बोट टेकवलं. वर दोन सह्या, पुतण्याची आणि सुनेची. खाली दुसऱ्या सह्यांची आणि साक्षीदारांची जागा, कोरी.

'म्हणजे लग्न अजून झालेलं नाही.'

'नाही.'

'आणि दुसरी म्हणजे ही सही.'

'दुसरं काय असणार?'

यावर त्या सगळ्या माणसांतलं एकही उत्तर द्यायला तयार होईना. अण्णा छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मग वरमाय तोंडाला पदर लावून हसायला लागली ती थांबेचना. आजीला ऐकू कमी यायचं. ती विचारत राहिली, 'सापडली का ती?'

वहिनी, इथवर हसून झालं की माणसं उठतात आणि चहाला जातात, आणि तिथेच चूक करतात. ती वरमाय उठली नाही. डोळे पुसून तिने मला विचारलं, 'पण बाई, गुरुवारी दुसरी सही झाली की लग्न झालंच ना? मग वैशाखात आम्ही काय लावायचं?' प्रश्न रास्त आहे. तुमच्या आत्याबाईही नेमकं हेच विचारतायत, फक्त रागात. गोव्यातल्या आपल्या लोकांना हा प्रश्न पडत नाही, कारण आपल्याला सहीचं लग्न आणि अक्षतांचं लग्न ही दोन वेगळी कामं म्हणून बघायची सवय लागलेली. सही झाली तरी मुलगी माहेरीच असते, चुडा भरलेला नसतो, कोणी तिला सौ. म्हणत नाही. बाहेरच्या माणसाला हे कोणीतरी सांगावं लागतं. भाईंनी सांगितलं नव्हतं, आणि गुरुवार परस्पर ठरवला होता.

मी त्यांना म्हटलं, दुसरी सही पंधरा दिवस सरताच केली पाहिजे असं कुठे आहे? नव्वद दिवसांच्या आत कधीही करा. मुहूर्ताच्या आधी करा, नंतर करा, तुमच्या घरांनी ठरवायचं. नंतर करणारीही घरं असतात. माझं स्वतःचं मत मात्र आधीच करावी असं आहे. लग्न झालं की पूजा, मांडवपरतणी, देवदर्शन, मग जोडी फिरायला, मग सुट्टी संपते आणि दोघं पुण्याला. दोन साक्षीदार आणि नवरा-नवरी एका कामाच्या दिवशी एका जागी मिळेनाशी होतात. नव्वद दिवस उलटले की पहिली सही बाद, पुन्हा अर्ज, पुन्हा फळा. मग पासपोर्टला लग्नाचा दाखला लागतो तेव्हा रडारड. असं माझ्या टेबलावर कितीतरी वेळा झालंय.

त्यांचं लग्न रविवारचं होतं. शनिवार-रविवार कार्यालय बंद, म्हणून वरमायेने शुक्रवार धरला. तोवर वऱ्हाड जानवशाला उतरलेलं असणार, म्हणजे जे काय होईल ते दोन्ही घरांच्या डोळ्यांदेखत. भाईंचा गुरुवार रद्द झाला. त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणतात, काम पुढे ढकललं म्हणून.

निघता निघता तलाठीकाका परत वळले. 'बाई, जमिनीचं काय?' मी वाटच बघत होते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. वेगळं ठेवायचं असेल तर तसा करार लग्नाच्या आधी नोटरीपुढे रीतसर दस्त करून करावा लागतो. दुसरी सही झाली की तो करताही येत नाही आणि केलेला बदलताही येत नाही. काकांनी हे दोनदा ऐकून घेतलं. मग भाईंकडे वळून अगदी सहज विचारलं, 'भाई, पोफळी किती म्हणालात?'

शुक्रवारी सही झाली तेव्हा साक्षीदार म्हणून पहिलं नाव तलाठीकाकांचं. सही करण्याआधी त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं, एका तारखेतला आकडा नीट उठला नव्हता तो दाखवला, मग सही केली. वरमाय पैठणीत होती. पत्रिका मात्र शेवटपर्यंत तशाच वाटल्या, आणि साताऱ्याकडच्या काही घरांत अजून कोडं आहे की नवरीच्या नावापुढचं 'कां.' लाल शाईने का खोडलं होतं.

आता तुमचं. ग्रुपवर खुलासा लिहू नका. एक वाक्य चुकीचं समजलं गेलंय, त्यावर दहा वाक्यं लिहिलीत तर दहाही तशीच समजली जातील. या रविवारी यजमानांना आणि सासूबाईंना घेऊन सरळ गडहिंग्लजला जा. गप्प बस म्हणणारा माणूस घरात असला की त्यालाच गाडी चालवायला लावावी. आंबोलीवरून सकाळी निघालात तर जेवायच्या वेळेआधी पोहोचाल. बरोबर पहिल्या सहीची पोचपावती किंवा जो कागद मिळाला असेल तो न्या. दाखवण्यासारखं काहीतरी हातात असलं की बोलणं लवकर संपतं.

बोलायला सुरुवात सासूबाईंनी करू दे, आणि ती मुलाच्या आईशी, आत्याशी नव्हे. सांगायचं एवढंच, 'आमच्याकडे कायद्याने लग्नाचा अर्ज आधी द्यावा लागतो, तो दिलाय. लग्न अजून लागलेलं नाही. लग्नाची सही व्हायचीय आणि तिचा दिवस तुम्ही सांगाल तो.' अर्ज हा शब्द वापरा. अर्ज दिल्याचा राग कोणाला येत नाही. दिवस त्यांना निवडू द्या, पण त्याआधी दोन गोष्टी तुम्ही पक्क्या करून जा. तुमच्या कागदाप्रमाणे मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते ते फोंड्याच्या कार्यालयात विचारून लिहून घ्या. आणि त्या महिन्यातल्या सरकारी सुट्ट्या बघा, नाहीतर त्या हौसेने नेमका बंद असलेला दिवस सांगतील आणि तुम्हाला पुन्हा नाही म्हणावं लागेल.

मालमत्तेची गोष्ट पहिल्याच भेटीत काढू नका, पण दुसऱ्या सहीआधी दोन्ही घरांना माहीत असायलाच हवी. मुलगा महाराष्ट्रातला आहे, म्हणून नणंदेला एकदा वकिलाकडे घेऊन जा आणि त्यांच्या बाबतीत काय लागू होईल ते विचारा. तासाभराचं काम आहे.

आत्याबाईंना साक्षीदार करा. जी बाई 'आम्ही काय नुसतं जेवायला येऊ' म्हणते तिला काम हवं असतं, आणि हे काम तिच्या सहीवाचून अडतं. त्या तयार झाल्या की तिथेच सांगून ठेवा, ओळखपत्र मूळ आणायचं, झेरॉक्स नको. विसरलं तर गडहिंग्लजहून आणून द्यायला त्या दिवशी कोणी रिकामं नसतं.